ईपीएस वाढला, तरी खिसा हलका: उद्यमबाग आणि शिनोळीतल्या एका विलीनीकरणाचा हिशोब

बेळगावच्या उद्यमबागेत एक फाउंड्री आहे. तिथे ओतलेल्या पंपाच्या बॉड्या टेम्पोत भरून शिनोळीला जातात. शिनोळी तशी बेळगावची शेजारीणच, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या मशीन शॉपमध्ये ही कास्टिंग खरवडली जातात, त्यांना भोकं पाडली जातात आणि तयार माल पुण्या-कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांना रवाना होतो. बरीच वर्षं असं चाललं होतं. मग फाउंड्रीच्या संचालकांनी ठरवलं की मशीन शॉपची कंपनी आपल्यात विलीन करून घ्यायची आणि त्यासाठी रोख एक पैसा न देता नवे शेअर द्यायचे.

दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या, पण व्यवहार तुरळक. शेअर बहुतेक आपल्याच भागातल्या लोकांकडे: टिळकवाडी, शहापूर, निपाणी, गडहिंग्लज, आजरा. नोटीस आली, तिच्यासोबत एक सादरीकरण आलं आणि त्यात ठळक अक्षरांत एक ओळ होती: विलीनीकरणामुळे फाउंड्रीचा प्रति शेअर नफा, म्हणजे ईपीएस, दोन टक्क्यांनी वाढेल. मी सीए आहे. त्या ओळीचा अर्थ विचारायला दोन्ही बाजूंचे शेअरहोल्डर माझ्याकडे आले, त्यातून हे प्रकरण उलगडत गेलं. कंपन्यांची नावं देत नाही आणि हिशोब डोक्यात मावावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

दोन टक्के आले कुठून

फाउंड्रीचा वर्षाचा करानंतरचा नफा २४ कोटी रुपये आणि शेअर २ कोटी. म्हणजे ईपीएस १२ रुपये. बाजारात शेअरचा भाव २१६. भावाला ईपीएसने भागलं की १८ येतात. यालाच पी-ई म्हणतात. फाउंड्रीच्या एक रुपया नफ्यासाठी बाजार अठरा रुपये मोजतो, एवढाच त्याचा अर्थ.

मशीन शॉपचा नफा ६ कोटी, शेअर ६० लाख, ईपीएस १० रुपये, भाव १३५, म्हणजे पी-ई साडेतेरा. फाउंड्रीने त्यांना बाजारभावापेक्षा २० टक्के जास्त, १६२ रुपयांचा भाव देऊ केला. १६२ ला २१६ ने भागलं की पाऊण येतो. म्हणून अदलाबदलीचं प्रमाण ठरलं: मशीन शॉपच्या चार शेअरना फाउंड्रीचे तीन. ६० लाखांचे झाले ४५ लाख नवे शेअर.

आता बेरीज सोपी आहे. दोघांचा मिळून नफा ३० कोटी, एकूण शेअर २ कोटी ४५ लाख, ईपीएस १२ रुपये २४ पैसे. बारावरून चोवीस पैसे वाढले, तेच हे दोन टक्के. आकड्यात चूक काहीच नाही.

फक्त यात कुणी जास्त काम केलेलं नाही, कुणी खर्च वाचवलेला नाही, एकही जादा कास्टिंग विकलेलं नाही. तरी ईपीएस वाढला, कारण फाउंड्रीने स्वतःचा १८ पी-ईचा शेअर देऊन १६२ भागिले १०, म्हणजे १६.२ पी-ईचा नफा विकत घेतला. ज्याचा पी-ई जास्त त्याने कमी पी-ईवाल्याला शेअर देऊन घेतलं की ईपीएस वाढतो. उलट झालं की घटतो. नुसत्या शेअरांनी होणाऱ्या विलीनीकरणात सगळं गणित या एका तुलनेवर उभं असतं. देऊ केलेला भाव १६२ ऐवजी १८० असता, म्हणजे बरोबर १८ पी-ई, तर ईपीएस जागच्या जागी १२ राहिला असता. त्यापुढे एक रुपया जास्त दिला की घट सुरू.

हेच वाट्याच्या भाषेतही सांगता येतं. ३० कोटींच्या नफ्यात मशीन शॉप ६ कोटी आणते, म्हणजे २० टक्के. शेअरांत तिला वाटा मिळतो २४५ पैकी ४५, म्हणजे १८.४ टक्के. आणलं जास्त, नेलं कमी, म्हणून उरलेल्यांचा ईपीएस वाढला.

निपाणीच्या मास्तरांचे पन्नास शेअर

निपाणीचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले होते. त्यांच्याकडे मशीन शॉपचे पन्नास शेअर. "ईपीएस वाढणार असं लिहिलंय की ओ, मग आमचाबी वाढणार काय?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोरच कागदावर मांडून दाखवलं.

पन्नासला पाऊण केलं की साडेसदतीस शेअर. सदतीस त्यांच्या डीमॅटमध्ये येणार. उरलेला अर्धा शेअर देता येत नाही, म्हणून अशा सगळ्या तुकड्यांचे मिळून पूर्ण शेअर करून ते एका विश्वस्ताकडे देतात, तो बाजारात विकतो आणि ज्याचे त्याला पैसे वाटतो. तेवढा अर्धा हिशोबात धरू. आधी मास्तरांच्या पन्नास शेअरमागे कंपनी वर्षाला ५०० रुपये कमवत होती. आता साडेसदतीस गुणिले १२.२४, म्हणजे ४५९ रुपये. घट आठ टक्क्यांहून जास्त. ज्या विलीनीकरणाने फाउंड्रीवाल्यांचा ईपीएस वाढला, त्यानेच मास्तरांचा घटवला. ते साहजिकच आहे. नफा ३० कोटींचाच असेल, तर एकाच्या ताटात वाढलेलं दुसऱ्याच्या ताटातूनच गेलेलं असणार.

मास्तरांचा चेहरा उतरला. पण हिशोब तिथे संपत नाही. ईपीएस सोडून किंमत बघू.

विलीनीकरणाआधी बाजार फाउंड्रीला ४३२ कोटी आणि मशीन शॉपला ८१ कोटींचं मानत होता. दोन्ही मिळून ५१३ कोटी. एकत्र आल्याने काहीच नवं कमावलं नाही असं धरलं, तर एकत्र कंपनीही ५१३ कोटींचीच. तिला २ कोटी ४५ लाख शेअरांनी भागलं की एक शेअर २०९ रुपये ३९ पैशांचा. फाउंड्रीचा शेअरहोल्डर २१६ वर होता, तो २०९ वर आला. म्हणजे ज्याचा ईपीएस दोन टक्के वाढला, त्याची मालमत्ता तीन टक्के घटली. आणि मास्तर? त्यांचे पन्नास शेअर ६,७५० रुपयांचे होते, आता साडेसदतीस शेअरांचे ७,८५२ रुपये. ज्याचा ईपीएस घटला तो सोळा टक्के वर.

फाउंड्रीच्या दोन कोटी शेअरांवरचं नुकसान आणि मशीन शॉपच्या साठ लाख शेअरांवरचा फायदा काढून बघितला, तर दोन्ही १३ कोटी २२ लाखच येतात. पैसा कुठे गेला नाही, फक्त हद्द ओलांडून शिनोळीकडच्या शेअरहोल्डरांकडे गेला. आणि हे सगळं ज्या नोटिशीतून झालं, तिच्यात फाउंड्रीच्या शेअरहोल्डरांना वाढीची बातमी दिली होती.

सादरीकरण करणारे यावर उत्तर देतात की नवा ईपीएस १२.२४, त्याला आपला पी-ई १८ लावा, भाव २२० येतो, मग नुकसान कसलं? गोची इथेच आहे. एकत्र कंपनीचा नफा आता चार भाग फाउंड्रीचा आणि एक भाग मशीन शॉपचा आहे. त्या पाचव्या भागाला बाजार आजवर साडेतेराच देत होता. दोघांची सरासरी १७.१ येते आणि १२.२४ ला १७.१ ने गुणलं की पुन्हा तेच २०९.३९. मशीन शॉपचा नफा फाउंड्रीच्या खात्यात आल्याबरोबर तो अठरा पटीचा का व्हावा, याला कुणाकडे कारण असेल तर ते मांडावं. मला त्या सादरीकरणात ते सापडलं नाही.

मास्तरांचं एक नुकसान मात्र खरं होतं आणि ते मी त्यांना सांगितलं. मशीन शॉप शेअरमागे चार रुपये लाभांश द्यायची, फाउंड्री तीन देते. त्यांना वर्षाला २०० मिळत होते, आता ११२ च्या आसपास मिळतील. किंमत वाढली तरी हातात येणारी रोकड घटते, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हा फरक जाणवतो.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. हे १८ आणि साडेतेरा ज्या भावांवरून काढले, ते भाव दिवसाला थोडेच शेअर हलणाऱ्या बाजारातले आहेत. अशा शेअरचा भाव दोन-तीन मोठ्या खरेद्यांनी सुद्धा वर जातो. नोटिशीच्या आधीच्या काही महिन्यांत फाउंड्रीचा भाव कसा चढला, किती शेअरांच्या व्यवहारावर चढला, हे बघितल्याशिवाय मी पी-ईवर भरवसा ठेवत नाही. चढवलेल्या भावाने शेअर देणं म्हणजे स्वस्तात खरेदी, आणि तेव्हा फसतो तो शेअर घेणारा.

सहा कोटी सहा कोटी राहत नाहीत

इथपर्यंत मशीन शॉपचे ६ कोटी जसेच्या तसे फाउंड्रीच्या पुस्तकात येतील असं धरलं. तसं होत नाही. इंड एएस १०३ या भारतीय लेखा मानकाप्रमाणे घेणाऱ्या कंपनीला समोरच्याची मालमत्ता जुन्या पुस्तकी आकड्याने नव्हे, तर ताब्यात येण्याच्या दिवशीच्या वाजवी किमतीने नोंदवावी लागते. त्यात पुस्तकात कधीच नसलेल्या गोष्टीही येतात. इथे मूल्यांकन करणाऱ्याने गिऱ्हाइकांच्या जुन्या करारांना १२ कोटी किंमत लावली, आयुष्य आठ वर्षं. पुस्तकात जवळपास संपत आलेल्या सीएनसी मशीन अजून उत्तम चालतात, म्हणून त्यांची किंमत ५ कोटींनी वाढवली, आयुष्य दहा वर्षं. जमिनीचीही वाढवली, पण जमिनीवर घसारा नसतो.

करारांचे वर्षाला दीड कोटी आणि मशीनचे अर्धा कोटी, असा २ कोटींचा नवा खर्च दरवर्षी नफ्यातून जाणार. कराचा परिणाम धरून नक्त दीड कोटी. एकत्र नफा ३० वरून साडेअठ्ठावीस कोटी. ईपीएस ११ रुपये ६३ पैसे. दोन टक्क्यांच्या वाढीची तीन टक्क्यांची घट झाली.

ही घट दिसली की लोक घाबरतात, तेही बरोबर नाही. या दोन कोटींचा चेक कुणाला जात नाही. तो पुस्तकी खर्च आहे आणि त्याने कंपनीची किंमत एका रुपयानेही घटत नाही. म्हणजे वाढ दाखवणारा ईपीएस जसा फसवा, तसा घट दाखवणाराही. पण कंपनीने वाढ दाखवताना हा खर्च धरलाच नव्हता. तळटीपेत "खरेदी हिशोबाचे परिणाम वगळून" एवढंच बारीक अक्षरांत होतं. जाहीर होणाऱ्या निकालात मात्र तो खर्च धरलेला ईपीएसच छापून येणार. सादरीकरणातला आकडा आणि निकालातला आकडा एकाच जातीचे नसतील, तर दोन्हींचा पाया एक करून द्या असं विचारण्याचा शेअरहोल्डरला पूर्ण हक्क आहे.

दिलेली किंमत आणि मालमत्तेची वाजवी किंमत यातला फरक गुडविल म्हणून बसतो. इंड एएसमध्ये गुडविल दरवर्षी थोडं थोडं कापलं जात नाही, फक्त दरवर्षी तपासलं जातं. त्यामुळे किंमत कितीही जास्त दिली, तरी तो जादा भाग ईपीएसला वर्षानुवर्षं शिवत नाही. एखाद्या वाईट वर्षी गुडविल उतरवावं लागतं, तेव्हा सगळं एकदम बाहेर येतं. जास्त भाव दिल्याचं ईपीएसमधून लगेच दिसतं ते फक्त शेअरांच्या संख्येतून. म्हणून माझी नजर आधी तिथे जाते.

बचतीची यादी

घट भरून काढायला किती लागेल? ईपीएस १२ ठेवायचा तर २ कोटी ४५ लाख शेअरांना २९ कोटी ४० लाख नफा हवा. हातात २८.५० आहे. ९० लाख कमी. करापूर्वीच्या भाषेत, २५.१७ टक्के दराने, साधारण १ कोटी २० लाखांची बचत दरवर्षी हवी. कंपनीने २ कोटी १० लाखांची यादी दिली होती. म्हणजे वरकरणी प्रश्न मिटला. मी यादी ओळीओळीने बघितली.

पहिली मोठी ओळ होती ७० लाखांची: डेबिट नोट बंद होणार. फाउंड्रीतली ही जुनी भांडणं आहेत. कास्टिंग वरून चांगलं दिसतं, शिनोळीत मशीनवर चढवून दोन-तीन मिलिमीटर खरवडलं की आत ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेलं पोकळ भोक, निघतो. तोवर मशीन शॉपचा वेळ आणि टूल खर्ची पडलेलं असतं, म्हणून ती फाउंड्रीला डेबिट नोट पाठवते. फाउंड्रीच्या खात्यात हा खर्च, मशीन शॉपच्या खात्यात तेवढीच वसुली. विलीनीकरणानंतर डेबिट नोट नक्कीच बंद होतील. पण एकाचा खर्च आणि दुसऱ्याची वसुली दोन्ही एकदमच गेले, उरलं शून्य. ब्लोहोल मात्र तिथेच राहिला. वाळूतली ओल, धातूचं तापमान किंवा गेटिंग, म्हणजे साच्यात धातू शिरायची वाट, सुधारून रिजेक्शन कमी केलं, तर ती खरी बचत. यादीत त्याबद्दल एक शब्द नव्हता. ७० लाख मी खोडले.

उरले १ कोटी ४० लाख. त्यात ५० लाख होते मशीन शॉपच्या मोकळ्या पाळीत बाहेरचं जॉबवर्क घेण्याचे. मशीन रिकामी होती हे खरं, पण बाहेरचं काम घ्यायला विलीनीकरण कशाला हवं? ते मशीन शॉप आजही घेऊ शकते. घेत नसेल, तर तसं काम बाजारात नाही किंवा रात्रपाळीला ऑपरेटर मिळत नाही. दोन्ही अडचणी विलीनीकरणाने सुटत नाहीत. तेही बाजूला ठेवले.

राहिले ९० लाख, आणि ते मला पटले. टेम्पोच्या फेऱ्या एकत्र आखल्याने ३५ लाख. बोरिंग, म्हणजे कास्टिंग खरवडताना पडणारा बीडाचा भुगा, भंगारवाल्याला कमी भावात न देता परत भट्टीत टाकल्याने २५ लाख. दोन ऐवजी एक ऑडिट, एक नोंदणी शुल्क, एक कंपनी सेक्रेटरी, याचे ३० लाख. करानंतर हे सुमारे ६७ लाख होतात. ईपीएस ११ रुपये ९१ पैसे. घट उरते, पण पाऊण टक्क्याची.

ईपीएस सोडून किंमतीचीच कसोटी लावली, तर फाउंड्रीवाल्यांना २१६ वर राहायला एकत्र कंपनी ५२९ कोटी २० लाखांची हवी. म्हणजे ५१३ वर आणखी १६ कोटी २० लाख. हा आकडा ओळखीचा आहे: मशीन शॉपच्या ८१ कोटींवर दिलेले २० टक्के जादा नेमके एवढेच होतात. कायम टिकणाऱ्या ६७ लाखांच्या बचतीला १७.१ पट लावली तर साडेअकरा कोटी मिळतात. पावणेपाच कोटी अजून कमी पडतात, आणि हे सुद्धा बचत पहिल्या दिवसापासून सुरू झाली असं धरून.

दोन खंडपीठं आणि अर्धं वर्ष

आपल्या सीमाभागाचा खर्च वेगळा. फाउंड्रीचं नोंदणीकृत कार्यालय कर्नाटकात, मशीन शॉपचं महाराष्ट्रात. त्यामुळे कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खालचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, बेंगळुरू खंडपीठाकडेही जातो आणि मुंबई खंडपीठाकडेही. एकाची मंजुरी आली आणि दुसऱ्याची तारीख पुढे गेली, तर सगळं थांबून राहतं. वकील दोन ठिकाणी, आणि आदेशावरच्या मुद्रांक शुल्काचा विचारही दोन्ही राज्यांत करावा लागतो. हे सगळे व्यवहाराचे खर्च इंड एएसमध्ये थेट नफातोट्यात जातात, किमतीत मिसळता येत नाहीत. फक्त नवे शेअर काढण्याचा खर्च भांडवलातून वजा होतो. या प्रकरणात पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी नफ्यातून गेले. दोन टक्क्यांच्या वाढीमागे एकूण गादी होती ती फक्त ६० लाखांची, ३० वजा २९.४०. सगळे पुस्तकी खर्च सोडले, तरी पहिल्या वर्षीची वाढ या एका ओळीनेच संपली असती.

पहिल्या वर्षीच्या ईपीएसमध्ये आणखी एक जागा आहे जिथे आकडा बिघडतो. योजनेत नियोजित दिवस १ ऑक्टोबर लिहिला होता. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१९ च्या परिपत्रकानंतर असा दिवस ताबा मिळाल्याचा दिवस धरला जातो. म्हणून मशीन शॉपचा नफा ऑक्टोबर ते मार्च एवढाच, म्हणजे ३ कोटी, आणि ४५ लाख शेअरही निम्म्या वर्षापुरते, म्हणजे साडेबावीस लाख. शेअर प्रत्यक्ष डीमॅटमध्ये मार्चनंतर आले तरी चालतं. ताळेबंदात ते वाटप बाकी असलेलं भांडवल म्हणून दिसतात आणि ईपीएसमध्ये १ ऑक्टोबरपासूनच मोजले जातात.

एका ब्रोकरच्या टिपणात मला पहिल्या वर्षीचा ईपीएस १३ रुपये ४८ पैसे दिसला. बारा टक्के वाढ! उलटं गणित करून बघितलं तेव्हा कळलं: वर मशीन शॉपचा पूर्ण वर्षाचा नफा धरून ३० कोटी, खाली निम्म्या वर्षाचे शेअर धरून २ कोटी साडेबावीस लाख. नफ्याचे महिने बारा आणि शेअरांचे सहा. दोन्हीकडे सहा महिने घेतले, अर्ध्या वर्षाचा पुस्तकी खर्च ७५ लाख आणि व्यवहाराचा १ कोटी वजा केला, तर नफा २५ कोटी २५ लाख आणि ईपीएस ११ रुपये ३५ पैसे येतो. पहिल्या वर्षीची वाढ कुणी दोन आकडी टक्क्यांत सांगितली, तर आधी महिने मोजावेत.

कुठलं प्रमाण चाललं असतं

फाउंड्रीच्या काही शेअरहोल्डरांनी मला सरळ विचारलं, मग काय द्यायला हवं होतं? ९० लाखांची बचत खरी मानली, तर एकत्र कंपनी सुमारे ५२४ कोटी ५० लाखांची. फाउंड्रीवाले ना नफा ना तोटा राहावेत यासाठी प्रमाण येतं सातास पाच. त्याच्यापुढे एक शेअरही दिला की त्यांच्या खिशातून. तिनास दोन दिलं असतं, तर ४० लाख नवे शेअर, एका शेअरची किंमत २१८ रुपये ५० पैसे, आणि मशीन शॉपवाल्यांना १३५ च्या जागी साधारण १४५ रुपये ७० पैसे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळालं असतं. आणि पुस्तकी खर्च धरूनही ईपीएस १२ रुपये १६ पैशांच्या आसपास राहिला असता.

पण सभेत प्रमाण बदलता येत नाही. आलेली योजना हो किंवा नाही म्हणायची असते. मतदान करणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि किमतीने तीन-चतुर्थांश लागतात. प्रवर्तकांकडे बहुतेक शेअर असले की दुसरी अट त्यांच्याच हातात असते. न्यायाधिकरणही भाव ठरवायला बसत नाही. १९९६ च्या मिहीर मफतलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शेअरहोल्डरांनी डोळसपणे बहुमताने घेतलेल्या व्यापारी निर्णयावर न्यायालय अपिलासारखं बसणार नाही. प्रक्रिया नीट झाली का, सगळी माहिती समोर ठेवली होती का, वर्गाचे हितसंबंध डावलले का, हे ते बघतं. म्हणून जे बोलायचं ते माहितीबद्दल बोलायला हवं, आणि सभेच्या आधी बोलायला हवं.

टिळकवाडीच्या चार-पाच जणांनी तसं पत्र लिहिलं. त्यात भावाबद्दल तक्रार नव्हती, तीन प्रश्न होते. खरेदी हिशोब धरून ईपीएस किती? डेबिट नोटचे ७० लाख एकत्र पुस्तकात कुठे वाचणार? आणि मशीन शॉपच्या प्रवर्तकांपैकी कुणाचे फाउंड्रीतही शेअर आहेत का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. ज्याच्याकडे दोन्ही कंपन्यांचे शेअर आहेत, त्याला १३ कोटी इकडून तिकडे गेले तरी एका खिशातून दुसऱ्या खिशात. मशीन शॉपमध्ये त्याचा वाटा जास्त असेल, तर उलट फायदाच.

कंपनीने पुरवणी माहिती दिली. ईपीएसचा आकडा ११.६३ असा दुरुस्त झाला, बचतीची यादी १ कोटी ४० लाखांवर आली. जॉबवर्कचे ५० लाख त्यांनी ठेवलेच. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं की फाउंड्रीच्या प्रवर्तक कुटुंबाकडे मशीन शॉपचे ३१ टक्के शेअर आहेत. योजना चारास तीनवरच मंजूर झाली. निपाणीच्या मास्तरांनी होकारार्थी मत दिलं, टिळकवाडीच्या लोकांनी विरोधात, आणि हातातल्या आकड्यांप्रमाणे दोघांचंही मत आपापल्या जागी बरोबर होतं.